फोन मध्येच कसा ठेवावा

बँकेच्या मुख्य कचेरीत आधी चहा आला, मग बिस्किटं आली आणि मग मार्केटिंगचे साहेब आले. बँक सहकारी, साहेब सुटाबुटातले. ज्येष्ठ खातेदारांना फोनवर कसं फसवतात हे दाखवणारी छोटी फिल्म त्यांना हवी होती. टप्प्याटप्प्याने, सोप्या मराठीत आणि शेवटी डोळ्यांत पाणी यायला हवं. पाणी कोणाच्या डोळ्यांत ते त्यांनी सांगितलं नाही, पण माझं मानधन ऐकल्यावर माझ्या डोळ्यांत आलं.

मी अशा फिल्म लिहून पोट भरते. हेल्मेट घाला, ओला कचरा वेगळा ठेवा, जिना चढताना कठड्याला धरा. फसवणुकीची पहिली संहिता मी एका दुपारीच लिहून टाकली. एक लोभी आजोबा, त्यांना लॉटरी लागल्याचा फोन, आजोबा हुरळतात, ओटीपी सांगतात, खातं रिकामं. साहेबांना फारच आवडली. "म्हातारी माणसं अशीच असतात हो," ते म्हणाले. त्यांच्या बँकेत ठेवी कोणाच्या होत्या, हे विचारायचं मी टाळलं.

संहिता वाचायला द्यायला मी कर्वेनगरला आत्याकडे गेले, कारण आमच्या घरात फसलेली व्यक्ती तीच होती. अर्थात ही गोष्ट घरात कोणी उच्चारायची नाही असा आतेभावाचा अलिखित नियम होता. सोसायटीत त्याने सांगितलं होतं की आईचा फोन बिघडलाय. फोन अजिबात बिघडलेला नव्हता. तो त्याच्या कपाटात होता, आत्याचं पासबुक, चेकबुक आणि कार्ड यांच्या शेजारी. आत्याच्या हातात त्याने नव्या नंबरचा बटणांचा फोन दिला होता आणि बँकेतही तोच नंबर नोंदवला होता. तिच्या पेन्शनमधून तिला लागतील तसे पैसे तो न कुरकुरता काढून द्यायचा. प्रेमळ मुलगा आहे तो, आणि हेच आत्याला सहन होत नव्हतं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेली बाई भाजीला पैसे मागत होती.

"गेलं ते गेलं," ती मला एकदा म्हणाली होती, "पण माझं खातं मला परत हवंय. मी अजून जिवंत आहे."

तिने माझी संहिता चष्मा लावून वाचली आणि सरकारी फाइलवर शेरा मारावा तसा समासात शेरा मारला: 'वस्तुस्थितीशी विसंगत.'

"लॉटरी?" ती म्हणाली. "आम्हाला कोण लॉटरी देतंय? आम्हाला भीती घालतात. आणि ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. कोणी विचारलाच नाही."

मग तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं. फोनवरचा माणूस अदबीने बोलत होता, अहो-जाहो, मध्ये मध्ये 'आई'. पेन्शन विभागातून बोलतोय, आपला हयातीचा दाखला नोंदला गेलेला नाही, पुढच्या महिन्यापासून पेन्शन बंद होईल. तिचं पूर्ण नाव, निवृत्तीची तारीख, पेन्शनचा क्रमांक, सगळं त्याने घडाघडा म्हणून दाखवलं. तरीही आत्याला संशय आला. तिने आयुष्यभर संशय घेण्याचाच पगार घेतला होता. ती म्हणाली, "तोंडी नको. लेखी पाठवा. जावक क्रमांकासह."

"मग?"

"मग काय, पाठवलं की! व्हॉट्सअ‍ॅपवर. लेटरहेड, जावक क्रमांक, गोल शिक्का, शिक्क्यावर तिरकी सही. सही शिक्क्यावर आलेली पाहिली आणि मी निर्धास्त झाले." तिने चष्मा काढून ठेवला. "सरकारी कचेरीतून पाच मिनिटांत पत्र येतं, इथेच मी ओळखायला हवं होतं."

मी हसले. तीही हसली, आणि मग तिने पदराने डोळे पुसले. मला माझ्या लोभी आजोबांची लाज वाटली.

पत्रामागोमाग 'फॉर्म' आला. तो फॉर्म नव्हताच, ते अ‍ॅप होतं. फोनने बिचाऱ्याने विचारलं, अनोळखी ठिकाणाहून आलंय, घ्यायचं का? तो माणूस म्हणाला, नवीन सरकारी अ‍ॅप आहे, म्हणून विचारतो, 'हो' दाबा. मग अ‍ॅपने विचारलं, तुमचे मेसेज वाचू का? तिथेही 'हो'. त्या फॉर्ममध्ये तिने खाते क्रमांक भरला, कार्डाचा नंबर भरला, पिन भरला. त्यानंतर बँकेचे ओटीपी येत राहिले आणि ते अ‍ॅप परस्पर वाचून पलीकडे पाठवत राहिलं. शेवटी तो म्हणाला, नोंद व्हायला चोवीस तास लागतात, तोवर बँकेचं काही उघडू नका. तक्रार लगेच केली तर रक्कम वाटेतच अडवता येण्याची शक्यता असते. म्हणून त्याने तिला बसवून ठेवलं, आणि ती आज्ञाधारकपणे बसली. दुसऱ्या दिवशी ती पासबुक भरायला शाखेत गेली तेव्हा कळलं.

"पण आत्या, एकदाही फोन ठेवावासा नाही वाटला?"

"अगं, तो बोलत होता," ती म्हणाली. "माणूस बोलत असताना मध्येच फोन कसा ठेवायचा?"

हे मला सांगायची गरज नव्हती. आमच्या घराण्यात राँग नंबरलाही 'ठेवते हं' म्हणून ठेवतात. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या मुलीला आत्याने एकदा तिचं सगळं ऐकून घेऊन मग नकार दिला होता आणि वर जेवलीस का म्हणून विचारलं होतं.

मग आम्ही दोघींनी नवी संहिता लिहिली. तिचे शेरे, माझे संवाद. पेन्शनर बाई, हयातीचा दाखला, पत्र, शिक्का, अ‍ॅप, सगळं क्रमाने. आणि शेवटी तोच फोन पुन्हा येतो. या वेळी बाई त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडते, "मी शाखेत येऊन बोलते," म्हणते आणि फोन ठेवते. मग साडी नेसून, छत्री घेऊन स्वतः बँकेत जाते. हा शेवट आत्याचा होता. तो लिहिताना तिची मान ताठ झाली होती.

साहेबांनी मधले टप्पे मान्य केले, कारण त्यांच्याच फसवणूक विभागाने 'हल्ली हेच चालतं' असं लिहून दिलं. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' हे घोषवाक्य मात्र त्यांनी घालायला लावलं, कारण त्याचे फलक आधीच छापून झाले होते. शेवट त्यांना पटेना.

"यात भावना कुठे आहे?" ते म्हणाले. "असं करा. नातू येतो, आजीच्या हातातून अलगद फोन काढून घेतो आणि म्हणतो, आजी, आता तुझं सगळं मी बघणार. आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. संगीत."

मी भांडले. ज्याला फसवलंय त्याचाच फोन काढून घ्यायचा हा कुठला न्याय, असं विचारलं. शिवाय सगळेच म्हातारे शाखेत आले तर तुमचे कर्मचारी त्यांच्या गळ्यात बँकेचं अ‍ॅप कधी मारणार, ही खरी अडचण आहे का, असंही विचारलं. ते विचारायला नको होतं, कारण ती खरी अडचण होती. नातू आला, फोन गेला, बासरी वाजली. आत्याला मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे फिल्ममध्येही कपाटातच."

आता बँकेच्या बुद्धिमत्तेचा कळस ऐका. अनोळखी लिंक दाबू नका असं ठणकावून सांगणारी फिल्म बँकेने सगळ्या ज्येष्ठ खातेदारांना कशी पाठवली? मेसेजमध्ये लिंक घालून. 'आपल्या सुरक्षिततेसाठी खालील लिंक त्वरित दाबा.' अर्थातच कोणी दाबली नाही. म्हातारी माणसं अशीच असतात हो. फिल्म बघितली ती बहुधा साहेबांनी, त्यांच्या सौ.नी आणि मी.

त्यावर बँकेने उपाय काढला तोही बँकेला शोभेल असाच. शाखांना हुकूम गेला, ज्येष्ठांना फोन करा आणि लिंक दाबायला सांगा.

त्या संध्याकाळी मी योगायोगाने आत्याकडेच होते. ती घावन घालत होती, आतेभाऊ नुकताच हिंजवडीहून येऊन हाश्शहुश्श करत जेवायला बसला होता. आत्याचा बटणांचा फोन वाजला. हात पिठाचा, म्हणून तिने स्पीकर लावला.

"नमस्कार आई, मी आपल्या बँकेतून बोलतोय. शाखा व्यवस्थापक. आपल्याला एक लिंक पाठवली होती, ती आपण अजून..."

आवाज अदबीचा होता. 'आई' होतं, 'आपण' होतं. आत्या थिजली. तव्यावरचं घावन करपत होतं.

"ती त्वरित दाबणं गरजेचं आहे, कारण आपल्या सुरक्षिततेच्या दृष्टीने बँकेने..."

"मी शाखेत येऊन बोलते," आत्या म्हणाली आणि पिठाच्या बोटाने लाल बटण दाबलं. वाक्याच्या मध्यात. 'ठेवते हं'सुद्धा नाही.

आतेभाऊ घास हातात धरून बघत राहिला. "आई, अगं, ते खरंच बँकेचे होते. आवाज मी ओळखतो, मी त्यांना भेटलोय."

"असतील," आत्या उलथनं घेत म्हणाली. "मग उद्या शाखेतच सापडतील."

दुसऱ्या दिवशी ती खरोखर गेली. छत्री घेऊन. व्यवस्थापकांनी उठून खुर्ची दिली म्हणे, आणि अजून कोणकोणत्या खातेदारांनी त्यांचा फोन आपटला ते हताशपणे सांगितलं. बहुतेक सगळ्यांनीच. हे बघून मुख्य कचेरीला साक्षात्कार झाला. साहेबांनी मला बोलावलं आणि शेवट बदलू या म्हणाले. त्यांना एक नवीनच कल्पना सुचली होती. आजी फोन मध्येच ठेवते आणि शाखेत जाते. कशी वाटते? मी म्हटलं, फार मौलिक आहे, आणि बदलाचं वेगळं मानधन लावलं.

आतेभावाचं कपाट त्यानंतरही बरेच दिवस बंदच राहिलं. त्याच्यासारखी माणसं माफी मागत नाहीत.

मग एका दुपारी, मी दुसऱ्या कुणाच्या तरी कचऱ्याची संहिता लिहीत असताना, माझा फोन वाजला. स्क्रीनवर 'आत्या' असं नाव आलं, तिच्या जुन्या नंबरवरून. मी घाईघाईने फोन उचलला.

"लागतोय की नाही ते बघत होते," ती म्हणाली. "पासबुक भरायला बँकेत आलेय. रांग आहे."

"आत्या!" मी म्हटलं. "अगं, कधी दिला त्याने? आणि तू मला आधी का नाही..."

तिने फोन ठेवून दिला होता. मी कितीतरी वेळ तो बंद फोन कानाला लावून हसत बसले.