धाकट्याची गाडी पासिंगला उभी राहिली

हा माझा धाकटा भाऊ. सख्खा, पाठचा, एका ताटात जेवलेला. मी थोरला आहे म्हणून कौतुक करतोय असं कुणी समजू नये. आमच्या घरात कौतुकाची पद्धतच नाही. पण टॅक्सी स्टँडवर जाऊन विचारा, सगळ्यात सरळ गाडी कोण चालवतो? दहा माणसं हात करतील त्याच्याकडे. आणि सगळ्यात भित्रा कोण विचारलं, तरी तेच हात तिकडेच जातील. तेही खोटं नाही. स्टँडवर त्याला 'ससा' म्हणतात. म्हणू देत. वाघ किती जणांना चावले ते मला माहीत आहे, सशानं अजून कुणाला धक्का दिलेला नाही.

त्याच्या गाडीच्या पासिंगच्या वेळी मी ट्रक घेऊन लांबच्या फेरीला होतो. नाहीतर एवढा प्रकार होऊच दिला नसता. पण एका परीनं बरं झालं, मी नव्हतो. सगळं त्याचं त्यानं केलं.

बरीच वर्षं तो पावाच्या बेकरीची व्हॅन चालवायचा. पाव बोलत नाहीत, तक्रार करत नाहीत, म्हणून त्याला ते काम मानवलेलं. पण पोरगी शाळेत जायला लागली, बेकरीचा पगार पुरेना, आणि बायकोनं धोशा लावला, "अहो, स्वतःची टॅक्सी करा." टॅक्सी करायची म्हणजे आधी बॅज काढा. माणसं बसवायची गाडी नुसत्या लायसनवर चालत नाही, छातीवर बिल्ला लागतो. डोळे तपासायला गेला तर भीतीच्या भरात सगळ्यात खालची बारीक ओळ वाचून पुढे तक्ता छापणाऱ्या प्रेसचं नावही वाचलं. डॉक्टर म्हणाले, "पुरे, तुम्ही पास." चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलीस ठाण्यात गेला. हवालदारानं विचारलं, "कधी काही गुन्हा?" तर हा म्हणतो, "साहेब, लहानपणी शेजारच्यांचे पेरू." हवालदार हसला आणि शिक्का मारला. गावातल्या रस्त्यांची परीक्षा झाली, त्यात मात्र एकही चूक नाही. असा बिल्ला मिळाला. त्या दिवशी त्यानं तो शर्टाला लावला आणि आरशात बघायचं धाडस झालं नाही म्हणून बायकोला विचारलं, "सरळ बसलाय का?"

मग परमिट. अर्ज केला, रांगेत नंबर लागला आणि कार्यालयाचं पत्र आलं: परमिट मंजूर, पण ठरलेल्या तारखेच्या आत गाडी हजर करा, फिटनेस करून घ्या, नाहीतर नंबर पुढच्या माणसाला. यानं बेकरीची नोकरी सोडली आणि जुनी पण धडधाकट गाडी घेतली. टॅक्सीचा रंग मारणं, मीटर बसवून सील करणं, विमा, धुराची तपासणी, यात दिवस कसे गेले कळलं नाही. फिटनेसच्या तपासणीची, म्हणजे पासिंगची, तारीख मिळाली ती मुदतीच्या आदल्या दिवसाची. म्हणजे आज नापास झाला तर हातात एकच दिवस. नोकरी गेलेली, आणि परमिटशिवाय टॅक्सी म्हणजे दारात बांधलेला हत्ती.

पासिंगच्या आधी गाडीला अंघोळ घालायची आमच्या स्टँडची जुनी रीत आहे. जळकं ऑइल आणि डिझेल एकत्र करून गाडीच्या पोटाखाली पंपानं मारायचं. गंज झाकला जातो, सगळं काळंकुळकुळीत, नव्यासारखं दिसतं. गॅरेजच्या फिटरमामानं ते काम आदल्या दिवशी घरी येऊन नीट केलं होतं, चाकांच्या बाजूला गोणपाट बांधून. पण धाकट्याचा जीव थाऱ्यावर कुठे होता! तांबडं फुटायच्या आत उठला, बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटला आणि पुढच्या उजव्या चाकाजवळ त्याला बोटभर गंज दिसला. बोटभर! मामाचा पंप अंगणातच होता. यानं उचलला आणि फवारला. एकदा. मग भीती वाटली म्हणून आणखी एकदा. गोणपाटाची आठवण झाली नाही.

पासिंगचं मैदान म्हणजे लांबलचक भिंतीकडेची उघडी जागा. गाड्या रांगेत उभ्या. कुणी इंडिकेटरच्या काचा पुसतंय, कुणी आग विझवायचा सिलेंडर शेजारच्या गाडीतून उसना आणतोय. स्टँडवरचे काका, सगळ्यात जुने टॅक्सीवाले, स्वतःची गाडी घेऊन पुढेच होते. त्यांनी याचा चेहरा पाहिला.

"काय रे सशा, कसायाच्या दारात आल्यासारखा काय उभा आहेस?"

"काका, मुदत उद्याची आहे."

"ऐक. मॅडम गाडीत बसतील, थोडी पळवायला लावतील आणि ब्रेक मार म्हणतील. तेव्हा पाय नुसता टेकव. हळू. गाडी गोगलगायीसारखी थांबली पाहिजे. जोरात मारलास की गाडी आपले सगळे आजार बोलून दाखवते."

"हळूच मारतो मी कायम."

"तेच म्हणतोय. आज जास्त हळू."

इन्स्पेक्टर मॅडम आल्या. त्यांनी चॅसिस नंबरवर कागद धरून पेन्सिलीनं छाप उचलला. दिवे, हॉर्न, वायपर, मागचे रिफ्लेक्टर, औषधांची पेटी, मीटरचं सील बघितलं. बिल्ल्याचा नंबर लायसनशी ताडला. गाडीच्या पोटाखाली वाकून म्हणाल्या, "चकचकीत आहे की." धाकट्याच्या मानेवरून घामाचा ओघळ खाली गेला. मग त्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि पट्टा लावला.

"चला. भिंतीच्या बाजूनं घ्या. वेग वाढवा. अजून. मी सांगितलं की ब्रेक."

गाडी पळत होती. काकांचे शब्द डोक्यात होते, हळू, हळू, हळू. आणि मॅडम म्हणाल्या, "ब्रेक!" एवढ्या मोठ्यानं, की धाकट्याच्या पायानं त्याला विचारलंच नाही. भेदरलेला पाय पेडलावर पूर्ण ताकदीनं पडला.

गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे वळली. एखाद्यानं नाक धरून ओढावं तशी. भिंत समोर मोठी होत आली. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे खेचलं, अंगठ्याची कातडी सोलली. गाडी थांबली तेव्हा मॅडमच्या खिडकीपासून भिंत वीतभर लांब होती.

मग मॅडमनी पट्टा सोडला.

"नापास," त्या म्हणाल्या. "ब्रेक एका बाजूला खेचतोय. दुरुस्त करून उद्या सकाळी आणा. पहिली तुमची घेते. पत्राची मुदत उद्याची आहे ना?"

"हो."

"मग उद्या सकाळीच. त्यानंतर माझ्या हातात नाही."

काका धावत आले. "सांगितलं होतं ना, टेकव म्हणून! आता उद्या तरी हळू मार. गाडी खेचतेय हे कळूच द्यायचं नाही. गाडी तर तशी चालतेच आहे."

खरं म्हणजे सोपं होतं. पाय हळू टेकवला असता तर दुसऱ्या दिवशी काम झालं असतं. पण त्याच्या डोळ्यांपुढून ती भिंत हलेना. आणि मॅडमच्या जागी त्याला कुणीतरी अनोळखी बाई बसलेली दिसली, मांडीवर लेकरू घेतलेली. परमिट जाण्याची भीती आणि ही भीती, दोन्ही दोन खांद्यांवर बसल्या, आणि दुसरी जड निघाली.

"काका," तो म्हणाला, "मी हळू मारीन. पण माझ्या पायाचा भरवसा नाही. रस्त्यावर कुणी आडवं आलं तर तो असाच पडणार."

गाडी गोगलगायीच्या चालीनं मामाच्या गॅरेजमध्ये आली. मामानं चाक काढलं, डिस्कवर बोट फिरवलं, बोट नाकाला लावलं आणि याच्याकडे बघितलं.

"इथं ऑइल कुणी मारलं?"

बायको डबा घेऊन आली होती, तिनं याला विचारलं, "अहो, सकाळी गाडीखाली काय करत होता?"

"थोडासा गंज होता."

"गंजाला पाजलंस ते ब्रेकच्या पॅडनं प्यायलं," मामा म्हणाला. "उजवं चाक घसरतंय, डावं धरतंय, म्हणून गाडी डावीकडे जातेय. धुऊन भागत नाही रे. तेल प्यालेला पॅड सुधारत नसतो. दोन्ही बाजूंचे नवीन टाकायचे."

"उद्यापर्यंत होईल?"

"टाकायला वेळ लागत नाही. पण नवीन पॅड लगेच धरत नाही. रिकाम्या रस्त्यावर वेग घ्यायचा, दाबायचं, सोडायचं, थंड होऊ द्यायचं, पुन्हा. दाबायचं म्हणजे दाबायचं. तुझ्यासारखं गोंजारायचं नाही."

मामानं डिस्क घासून पुसल्या, दोन्हीकडे पॅड बदलले. दुपारभर गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर धाकटा ब्रेक मारत राहिला. दर वेळी वाटायचं आता वळणार. शेजारी बायको बसली होती. त्यानं तिला उतरायला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या मॅडम बसणार, मग आज मी का नको?" तेव्हा त्याला जास्तच भीती वाटली, आणि त्यानं स्टिअरिंगवरचे हात सैल करून ब्रेक दाबला, गाडी खरं काय करते ते बघायला. गाडी सरळ थांबली. तरी त्याचा विश्वास बसला नाही.

घरी भाकरीचा तुकडा मोडला नाही त्यानं. पोरीनं विचारलं, "बाबा, टॅक्सी झाली?" तो म्हणाला, "उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर त्याची गाडी पहिली. मॅडम बसल्या, पट्टा लावला, आणि या वेळी दाराची मूठही धरली. काका लांबून हातानं खूण करत होते, हळू, हळू. धाकट्याला खूण दिसली. वेग घेतला. भिंत शेजारून पळत होती.

"ब्रेक!"

त्यानं पाय पूर्ण दाबला. मुद्दाम. आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सैल सोडले.

गाडी नाक खाली करून जागच्या जागी थांबली. इकडे नाही, तिकडे नाही. मागे जमिनीवर चाकांच्या दोन काळ्या रेघा, शाळेत पट्टीनं मारल्यासारख्या सरळ.

मॅडम वळून त्या रेघा बघत राहिल्या. "हात का सोडलेत?"

"मला खात्री करायची होती, मॅडम. माझी गाडी आहे."

मॅडम उतरल्या आणि तिकडे टेबलाशी सही करायला गेल्या. कार्यालयाच्या खिडकीवर ज्याचं नाव पुकारलं त्यानं जाऊन कागद घ्यायचा असतो. नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. धाकटा गाडीतून उतरेना. काका ओरडले, "अरे, झोपलास काय? पास झालास!"

"काका," तो आतून म्हणाला, "पाय येत नाहीत."

मग मॅडमच परत चालत आल्या. तिथं वर्षानुवर्षं गाड्या पास करून घेणारे सांगतात, असं कधी झालं नव्हतं. त्यांनी फिटनेसचा कागद गाडीच्या खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, "परमिटची खिडकी उघडली आहे. बसा थोडा वेळ, मग जा. दुपारपर्यंत कुठेही पळून जात नाही ती."