चार नंबरची चौकट

माझं सगळं शिक्षण ठाण्यातल्या एका चांगल्या शाळेत झालं, आणि ते मावशीच्या लाइटबिलावर झालं. आम्ही राहायचो डोंबिवलीला, मावशी वर्तकनगरला. शाळेला जवळ राहणारी मुलं हवी होती, म्हणून फॉर्मवर मावशीचा पत्ता गेला. मुलाखतीच्या दिवशी आईने मला रिक्षात तीनदा घोकून घेतलं, "पत्ता विचारला तर मावशीचा सांगायचा." मी सांगितला. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या नात्यात निम्म्या लोकांची रेशनकार्डं एकीकडे आणि चुली दुसरीकडे होत्या. पत्ता म्हणजे कागदावर लिहायची गोष्ट, राहायची नव्हे, हे मी सहाव्या वर्षीच शिकलो.

पुढे दोन वर्षं जर्मनीत शिकून आलो आणि ठाण्यात परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लागलो. मुलांना युनिव्हर्सिट्या सुचवायच्या, अर्ज तपासायचे, आणि ऑफिसच्या पानासाठी पोस्टी लिहायच्या. 'सर' ही पदवी मला तिथे फुकटात मिळाली. मी तिला फार लवकर सरावलो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मी एक कॅरोसेल केलं. बोटाने एकामागून एक सरकवायच्या दहा चौकटी, प्रत्येकीवर नंबर, वर मोठा मथळा, 'जर्मनीतला पहिला महिना : काय, कधी, कुठे'. सिमकार्ड, विम्याचा कागद, युनिव्हर्सिटीची नावनोंदणी, पत्त्याची नोंदणी, बँक, परदेशी नागरिकांच्या कार्यालयात राहण्याच्या परवान्याचा अर्ज, वगैरे. मराठीत असं कुणी केलं नव्हतं, निदान मी तसं सगळ्यांना सांगत होतो.

चौथी चौकट पत्त्याची होती. तिथे घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत जाऊन आपण इथे राहतो अशी नोंद करावी लागते. घर देणाऱ्याच्या सहीचा कागद लागतो. त्या नोंदीवाचून पुढचं बरंच काही अडतं. आणि नव्या मुलांची खरी पंचाईत अशी की पहिल्या महिन्यात मिळणाऱ्या तात्पुरत्या खोल्यांचे मालक बरेचदा सही द्यायला तयारच नसतात. मला त्यावर तोडगा माहीत होता. मीही पहिले दोन महिने डोंबिवलीच्याच एका मित्राच्या खोलीत गादी टाकून काढले होते आणि त्याच्याच पत्त्यावर नोंद केली होती.

मी चौकटीत लिहिलं, 'हक्काचं घर मिळेपर्यंत ओळखीच्या माणसाचा पत्ता देऊन नोंदणी उरका.' त्याखाली आणखी दोन ओळी होत्या : 'जिथे खरंच राहता तोच पत्ता द्या. खाली पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवा, नाहीतर पत्र परत जातं.' त्या मी काढून टाकल्या. चौकटीत गर्दी होत होती. इतर नऊ चौकटींत मजकूर मोजका, आजूबाजूला छान मोकळी जागा, आणि ही एकच खच्चून भरलेली. मला ते बघवेना. मी दोन ओळी उडवल्या आणि उरलेल्या ओळीला बदामी पार्श्वभूमी दिली.

काढलेल्या ओळीच खऱ्या कामाच्या होत्या. माझं निभावलं ते मी त्या खोलीत खरंच राहत होतो म्हणून, आणि मित्राने पहिल्याच संध्याकाळी माझं आडनाव कागदावर लिहून पेटीवर चिकटवलं होतं म्हणून. तिथला पोस्टमन पेटीवरचं नाव बघतो. नाव नसेल तर पत्र आल्या वाटेने परत. हे मला ठाऊक होतं. पण मावशीच्या लाइटबिलावर वाढलेल्या माणसाला ते किरकोळ वाटलं.

पोस्टीखाली ठाकुर्लीच्या एका मुलीने विचारलं, "सर, ओळखीच्यांचा पत्ता दिला तर नक्की चालतं ना? मी राहणार दुसरीकडे आहे." ती आमच्याच ऑफिसातून जात होती. मी लिहिलं, "बिनधास्त!" आणि पुढे अंगठा. तिने प्रश्नात सगळं सांगितलं होतं. मी फक्त पहिलं वाक्य वाचलं, कारण खाली आणखी चाळीस लोक माझं कौतुक करत होते.

सप्टेंबरच्या मध्यावर ती गेली. नोव्हेंबरअखेरीस तिचा ऑफिसच्या मेलवर निरोप आला. तिने तिकडच्या मराठी मंडळींतल्या एका दादाचा पत्ता दिला होता आणि स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाला राहत होती. बँकेचं कार्ड आलंच नाही, ते तिने खटपट करून पुन्हा मागवलं. पण राहण्याच्या परवान्यासाठी कार्यालयाने भेटीची तारीख पत्राने कळवली होती. दादाच्या पेटीवर फक्त दादाचं नाव. पत्र परत गेलं, तारीख निघून गेली, नवी मिळाली ती जानेवारीच्या मध्याची. अर्ज वेळेत केलेला असल्यामुळे तिला तिथे राहायला अडचण नव्हती. अडचण होती ती बाहेर पडण्याची. जाताना मिळालेला व्हिसा डिसेंबरच्या मध्यावर संपत होता. त्यानंतर हातात परवाना नसताना भारतात आली, तर परत आत शिरता आलं नसतं. आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिच्या सख्ख्या मोठ्या बहिणीचं कल्याणला लग्न होतं.

"काही करता येईल का सर?" एवढंच तिने शेवटी विचारलं होतं. माझ्या चौकटीचा उल्लेखसुद्धा नव्हता.

मी काय केलं ते सांगायला आजही जीभ जड होते. आधी मी तिच्या प्रश्नाखालचं माझं 'बिनधास्त' पुसलं. मग चौकट दुरुस्त करायला गेलो, तर टाकून झालेल्या पोस्टीतली चौकट बदलता येत नाही, फक्त काढता येते. खाली चार ओळींत चूक कबूल करता आली असती. मी चौकट काढली. त्यानंतर तिला मेल लिहिला, 'कार्यालयाला ईमेल करून लग्नाचं कारण कळवा आणि लवकरची वेळ मागा. नियमांची खातरजमा विद्यार्थ्याने स्वतः करणे अपेक्षित असते.' दुसरं वाक्य मी दोनदा वाचून ठेवलं. ते लिहिताना मला बरं वाटलं होतं, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कार्यालयाकडून लवकरची वेळ मिळाली नाही. आणि डिसेंबरात तिचे वडील लग्नाची पत्रिका घेऊन ऑफिसात आले. जुने ठाकुर्लीकर, कधीकाळी शेती असलेलं घर. "सर, तुम्ही आमच्या पोरीसाठी एवढं केलंय. आल्याशिवाय चालणार नाही." मी येतो म्हणालो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

लग्न दुपारी साडेबाराचं होतं. हॉलमध्ये पहिल्या रांगेत वडिलांनी मला ओढून नेऊन बसवलं. मंगलाष्टकांना त्यांनी खिशातून फोन काढून उंच धरला. फोनवर ती होती. तिथे सकाळचे आठ वाजत होते, मागे खिडकी अजून काळसर. तिने नऊवारी नेसली होती. परदेशातल्या खोलीत एकटीने उठून, नऊवारी नेसून, ओंजळीत अक्षता घेऊन ती पलंगावर बसली होती, आणि इकडे सगळ्यांनी टाकल्या तेव्हा तिनेही फोनवर टाकल्या. माझ्या हातातल्या अक्षता हातातच राहिल्या. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठण्याइतकीही लाज शिल्लक नाही असंही वाटत होतं.

नंतर जेवणाच्या हॉलबाहेर वडिलांनी गाठलं. "सर, एक काम होतं. माझी पुतणी मार्चमध्ये जातेय. तिच्यासाठी तुमची ती यादी." त्यांनी पिशवीतून झेरॉक्सचे कागद काढले. ऑगस्टमध्येच त्यांनी दहाही चौकटी दहा कागदांवर छापून घेतल्या होत्या. तेच कागद लग्नाच्या गडबडीतही बरोबर आणले होते, मी भेटणार म्हणून. "हे जुने झाले, काल फोनवरून नवे काढायला गेलो, तर तीन नंबरनंतर डायरेक्ट पाच. चार गेला कुठं? तुमच्याकडे असेल ना?"

फोन त्यांच्या हातात अजून चालूच होता. आतून तिचा आवाज आला, "बाबा, सरांना जेवू द्या ना." वडिलांनी हसून फोन माझ्या हातात दिला आणि कुणाला तरी पानावर बसवायला दोन पावलं पुढे गेले.

"सर," ती हळू आवाजात म्हणाली, "घरी मी सांगितलंय की पत्त्याची आयडिया माझीच होती. तुम्ही काही बोलू नका. बाबा सगळ्यांना तुमचं नाव सांगत फिरतात, त्यांना वाईट वाटेल."

"तुला कधी कळलं?"

"मेल केला त्याच संध्याकाळी. तीननंतर पाच आला तेव्हा."

महिनाभर तिला ठाऊक होतं. स्वतःच्या घरात बोलणी खाऊन तिने मला झाकलं होतं, आणि मी तिला खातरजमा शिकवली होती. वडील परत आले. मी फोन त्यांना दिला, पण बंद करू दिला नाही.

"ती आयडिया तिची नव्हती," मी म्हणालो. "माझी होती. चार नंबरमध्ये मी चुकीचं लिहिलं होतं. तिने मला विचारलंसुद्धा होतं, मी चालतं म्हणून सांगितलं. मग लपवायला तो नंबर काढून टाकला. ती आज इथे नाही ती माझ्यामुळे."

फोनमधून ती "बाबा, जाऊ द्या" म्हणाली. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आमच्यामधून गेला. मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदांमधून चौथा काढला आणि आहेर लिहून घ्यायला बसलेल्या माणसाकडून पेन आणून माझ्या हातात दिलं.

"पुतणीला जायचंय. खरं काय ते लिहा."

मी भिंतीला कागद लावून, छापलेल्या ओळीवर काट मारून, खाली लिहिलं, 'जिथे खरंच राहता तोच पत्ता द्या. पत्रपेटीवर आपलं नाव चिकटवा, नाहीतर पत्र परत जातं.'

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. "एवढंच होतं?"

"हो."

"मग तेव्हाच का नाही लिहिलंत?"

"जागा नव्हती," मी म्हणालो.

त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. माझ्या दोन ओळींखाली निम्म्याहून जास्त पान कोरं होतं.