चाळीस रुपयांखालची ओळ

सोमवारी सकाळी जिमच्या मालकाने मी लिहिलेल्या पोस्टमधली दुसरी ओळ काढली आणि उरलेली पोस्ट जिमच्या पेजवर स्वतःच टाकली. वर्तमानपत्रातली नोकरी सुटल्यानंतर बीड बायपासवरच्या त्या जिमच्या पोस्ट मी लिहीत होतो. तेव्हा माझं तेवढंच एक नियमित काम होतं.

मी लिहिलेली पोस्ट अशी होती : ‘दिवसाला ४० रुपये.’ त्याखाली दुसरी ओळ : ‘महिन्याची फी १,२०० रुपये, एकरकमी, आगाऊ. तीस दिवसांनी भागून दिवसाला ४०. एका दिवसाचा पास नाही. पहिल्यांदा नोंदणी ५०० रुपये वेगळे.’ दोन्ही ओळी एकाच आकाराच्या अक्षरांत होत्या.

मालकाने पहिली ओळ तेवढी ठेवली.

मी फोन केला.

“फी विचारायला लोक येतील ना, तेव्हा सांगू,” तो म्हणाला.

“येण्याआधी कळलं पाहिजे.”

“सर, इथं बातमी नाय छापायची. गिऱ्हाईक आणायचंय. बाराशे बघून कोण येतंय?”

“भागाकार बरोबर आहे. पण चाळीस देऊन कुणाला आत सोडणार आहात का?”

त्याने फोन ठेवला.

मंगळवारी मी मागच्या महिन्याचे पैसे मागायला गेलो. काउंटरसमोर चितेगावच्या कंपनीतला एक कामगार उभा होता. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात दोन वीसच्या नोटा.

“शिफ्ट बदलती राहते, भाऊ. ज्या दिवशी जमंल त्या दिवशी येईन, चाळीस देईन.”

मालक हसला. “हे काय शेअर रिक्षाय का? बसला, उतरला, पैसे दिले? पूर्ण महिना भरावा लागतो. बाराशे. नोंदणीचे पाचशे वेगळे.”

“मंग चाळीस कशाला लिवलं?”

“हिशेब येत नाय का? तीसनं गुणा की.”

“हिशेब येतो. तुमी झाकलेलं कसं दिसंल?” कामगाराने मोबाइल त्याच्यासमोर धरला. “दाखवा, बाराशे कुठंय?”

ट्रेडमिलवरचे दोघे थांबले. मालकाने माझ्याकडे बोट केलं. “हे लिहितात. यांनाच विचारा.”

मी मूळ मजकूर उघडून माझा मोबाइल काउंटरवर ठेवला. कामगाराने तो वाचला, नोटा खिशात घातल्या. “हे टाकलं असतं तर बीड बायपासपर्यंत आलोच नसतो,” असं म्हणून तो जिना उतरला. पोस्टखाली त्याने तेच लिहिलं. खाली आणखी काही जणांनी फी विचारली.

“गिऱ्हाईकासमोर मला खोटं पाडलं,” मालक मला म्हणाला. “लई झाली पत्रकारिता. उद्यापासून येऊ नका.”

“मागच्या महिन्याचे पैसे?”

“बघू.”

बुधवारी दुपारी मी ते पेज उघडलं. पोस्ट बदललेली होती. वर मोठ्या अक्षरांत महिन्याची फी १,२०० रुपये, त्याखाली नोंदणीची रक्कम, मग ‘तीस दिवसांच्या हिशेबाने दिवसाला ४०, एका दिवसाचा पास नाही’. कामगाराची कमेंट काढलेली होती. पेजवर लिहिण्याचा माझा अधिकारही काढला होता. पैसे आलेले नव्हते.