वृषभच्या गुडघ्यातली जादा पट्टी

आमच्या तालमीच्या हौशी फुटबॉल संघात दहा नंबरची जर्सी वृषभची. भांड्यांचं दुकान, चाळिशी उलटलेली, तरी रविवारी सकाळी हा गडी मैदानावर हजर. दुकानात गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, पण आपल्या जागेवर दुसरं कुणी खेळलेलं याला खपत नसे. त्यातून नागसेन आला. बँकेत नोकरी, पोरसवदा, पळण्यात वाऱ्यासारखा. मागं त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, सगळी तालीम त्याच्या उशाशी बसली. वृषभचा जळफळाट तेव्हापासूनचा.

यंदा फायनलच्या आधी सरावात पाय रोवून वळताना वृषभचाच गुडघा मुरगळला आणि अडकला. सरळच होईना. एमआरआय काढला. फिल्म संध्याकाळी मिळाली, रिपोर्ट सकाळी मिळणार होता. पण आमच्या तालमीत प्रत्येकाचा एकदा तरी एमआरआय झालेला, त्यामुळं रिपोर्टाची वाट कोण बघतो? नागसेननं आपली जुनी फिल्म आणली. दोन्ही ट्यूबलाइटवर धरल्या. लिगामेंटची काळी पट्टी कशी ओळखायची, हे त्याला त्याच्या डॉक्टरांनी दाखवलं होतं.

"तुझ्यात पुढची पट्टी गायब, पांढरा ढग नुसता. मागची एकच ऱ्हायली," वृषभनं मोजलं. "माझ्यात बघ, पुढची हाय, मागची हाय, वर आणि एक जादा! रविवारी खेळणार."

"दादा, मग पाय सरळ का होईना? डॉक्टरला दावा की."

"तुला दहा नंबर पायजे, कळतंय मला!"

नागसेननं आपली फिल्म पाकिटात घातली. मला तर वृषभच्या कानाखाली काढावीशी वाटली.

सकाळी नागसेनचं तोंड बंद करायचं म्हणून वृषभ त्यालाच सोबत घेऊन दवाखान्यात गेला. मीही गेलो. डॉक्टरांनी फिल्म लाइटवर लावली.

"लिगामेंट दोन्ही शाबूत आहेत. पण ही तिसरी पट्टी लिगामेंट नाही. दोन हाडांमधली आतल्या बाजूची गादी लांब फाटलीय, आणि तिचा तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून मध्ये आलाय. तोच अडकलाय. म्हणून पाय सरळ होत नाही. लगेच शिवली तर बहुतेक वाचेल. यावर पळालात तर तिच्या चिंध्या होतील, मग कापूनच काढावी लागेल."

"आणि खेळायचं कधी?"

"पाच-सहा महिने विसरा."

वृषभ नागसेनकडं बघेना. बाहेर आल्यावर पिशवीतून जर्सी काढून त्याच्या हातात कोंबली. "घाल," एवढंच म्हणाला.

रविवारी संध्याकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. गादी शिवून झाली होती, पाय पट्ट्यात ताठ होता. वृषभची बायको आदिती मोसंबी सोलत होती.

"जिंकला?" वृषभनं विचारलं.

"जिंकलो, दादा."

"गोल कुणी मारला?"

नागसेन घुटमळला. "मीच."

"बरं झालं," वृषभ म्हणाला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मग तिकडंच बघत, "जर्सी धुऊन आण."