बिनसिरक्याचा ठेचा

अन्नतंत्रात पदवी घेणारी आमच्या घरातली मी पहिली. आईने शेळ्या विकून माझी फी भरली. तिच्याशी भांडताना आजही जीभ अडखळते, ती त्यामुळेच.

घाटनांदूरजवळच्या आमच्या गावात आईचा बचत गट लसूण-मिरचीचा ठेचा तेलात बाटलीबंद करून विकतो. ठेच्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा, ४.६ च्या खाली यायला हवा (जितका कमी तितका आंबट), म्हणून मी सिरक्याचं, म्हणजे व्हिनेगरचं, माप ठरवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाणाऱ्या चाळीस बाटल्यांपैकी एक मी सहज उघडली. वरचं तेल काढलं, ठेचा शुद्ध पाण्यात वाटला, पीएच मीटर बुडवला. ५.४.

"आई, यात सिरका न्हाई?"

"न्हाई घातला. त्यो दारूपासून करत्यात म्हनं. गटात चार माळकरी बाया हायेत, त्यांनी हात लावला नसता."

"मग मला विचारलं का नाहीस? लिंबू चाललं असतं!"

"कशाला विचारू? चांगला उकळलाय, वर चार बोटं तेल हाय. हवा लागंल कशी?"

मी कपाळावर हात मारला. हवा लागत नाही, हीच तर भीती. बोटुलिझमच्या जंतूंची बीजं साध्या उकळीने मरत नाहीत. आंबटपणा कमी आणि हवा बंद मिळाली, की ती आत वाढून विष करतात. त्याने माणसाचा श्वास थांबू शकतो. बाटल्या पंधरा दिवस उन्हाळ्यात फळीवर होत्या. हे सगळं मी गटाला दोनदा शिकवलं होतं. दोन्ही वेळा माना हलल्या होत्या.

आईने बाटली नाकाशी धरली. "बघ, वास लई भारी हाय. थांब, खाऊनच दाखवते." तिने बोट आत घातलं.

मी मनगट धरलं आणि बाटली हिसकावली. "वास येत नाही, चव बदलत नाही! धू आधी हात, साबणाने!"

माझा आवाज इतका चढला की शेजारची काकू दारात आली. "काय झालं गं?"

"काही न्हाई," आई हात धूत म्हणाली, "पोरगी शिकली, आता ठेच्याला भेती."

आता लिंबू पिळून हा माल वाचेल का, असं तिने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. विष आधीच झालं असेल तर आंबटपणाने ते जात नाही. चाळीसच्या चाळीस बाटल्या झाकणं घट्ट लावून पिशव्यांत बांधल्या आणि गावाबाहेर खोल खड्ड्यात पुरल्या. खड्डा आईनेच खणला, सारा वेळ बडबडत.

संध्याकाळी नवी खेप लिंबाच्या रसाने केली. मीटरवर ३.९ आला. आईने चाखून तोंड वाकडं केलं.

"लई आंबट हाय. कोन घेनार?"

"कोणी नाही घेतला तरी चालेल," मी म्हणाले आणि उरलेली लिंबं उचलून ठेवायला निघाले, तर ती म्हणाली, "ठेव तिथंच. माप सांग, लिहून घेते."