हातमोज्यांची ओळ

"लेथवर हातमोजे घातले, तर फिरता जॉब, म्हणजे कापायला लावलेला लोखंडी तुकडा, मोज्यासकट हात ओढून घेतो," असं ती घरात कितीदा तरी बोलली होती. तरी अप्रेंटिसच्या जागेसाठी तिचा बायोडेटा टाईप करताना दादाने लेथ, ड्रिल आणि फायलिंगच्या खाली, तिला न दाखवता, एक ओळ वाढवली: 'सर्व मशीनवर हातमोजे वापरते.'

कारखान्यातल्या फोरमनने ती ओळ वाचून कागद परत सरकवला. "बोटं नकोशी झालीत का, बाई? चला, पुढचा!" तिचं त्याने ऐकूनही घेतलं नाही.

घरी दादा म्हणाला, "अगं, सेफ्टीचं छान दिसावं म्हणून लिहिलं. त्यात काय एवढं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कॉम्प्युटरला लावलेला बायोडेटाचा पेन ड्राइव्ह उपटून, पायात चपला सरकवून ती नवा बायोडेटा स्वतः टाईप करून घ्यायला बाहेर पडली.