बावीस नंबरच्या लॉकरची नोटीस

लताबाई फेगडे यांना बँकेत लागून सोळा वर्षं झाली होती. मराठी घेऊन बी.ए. केलेल्या, म्हणून जळगावच्या विभागीय कार्यालयात मराठीचं जे काही निघेल ते त्यांच्याच टेबलावर येऊन पडायचं. शाखांच्या पाट्या, सूचना, ग्राहकांची तक्रारपत्रं. बढती कधी मागितली नाही, आणि न मागता कोणी दिलीही नाही. मेहरूणच्या घरातून सकाळी साडेनऊला निघायचं, संध्याकाळी भाजी घेऊन परतायचं. दोन मुली, मास्तरकी करणारा नवरा, आणि डोक्यात सतत कसली ना कसली धास्ती. घरी सगळे त्यावरून चिडवायचे. धाकटी म्हणायची, आईला काळजी करायला काही उरलं नाही की ती त्याचीच काळजी करते.

१९९२च्या जानेवारीत मुंबईहून एक खाकी लिफाफा आला. सावदा शाखेची जागा बदलायची होती. जुनं लॉकरचं कपाट नव्या इमारतीत न्यायचं नव्हतं, म्हणून लॉकरधारकांनी तीस दिवसांत आपापला लॉकर रिकामा करून किल्ली परत द्यायची. इंग्रजी नोटिशीखाली तिचं मराठी भाषांतर मुंबईतच करून छापायला पाठवलं होतं. लताबाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

‘आपणांस याद्वारे आवाहन केले जाते की सदर सूचनेच्या प्राप्तीपासून तीस दिवसांच्या आत आपण पुढे यावे व आपल्या लॉकरचे समर्पण प्रभावी करावे, ज्यात असफल ठरल्यास बँक, आपल्या एकट्याच्या जोखमीवर व मूल्यावर, आणि आपणांस पुढील कोणताही संदर्भ न देता, सदर लॉकर तोडून उघडण्यास विवश केली जाईल.’

कार्यालयात पाण्याची घागर भरून ठेवणाऱ्या सुंदरबाईला त्यांनी बोलावलं. ही त्यांची जुनी पद्धत. गावात लागणारा कागद आधी सुंदरबाईला वाचून दाखवायचा.

“समजलं का?”

“समजलं ना ताई.”

“मग हा कागद तुझ्या घरी आला तर तू काय करशील?”

सुंदरबाईने पदर सावरला. “काय करेन? जपून ठेवेन. बँकेचा कागद हाये.”

लताबाई कागद घेऊन आपल्या वरिष्ठांकडे, साळीसाहेबांकडे गेल्या. साळीसाहेब माणूस वाईट नव्हता, नियमाला धरून होता.

“साहेब, हे इंग्रजीच आहे, अक्षरं फक्त मराठी. मी चार ओळींत लिहून देते.”

“लताबाई, हे कायदा विभागानं पास केलंय. उद्या कोणी कोर्टात गेलं, तर इंग्रजीत काय आणि मराठीत काय, हे शब्दाला शब्द लावून बघतील. तिथं तुमची चार ओळींची मराठी माझ्या अंगाशी येईल.”

“पण कळलंच नाही तर लोक येतील कसे?”

“विचारतील कोणाला तरी. गावात वाचता येणारे काय कमी आहेत?”

नोटीस तशीच छापली गेली आणि रजिस्टर पोस्टानं रवाना झाली. लताबाईंनी आपल्या चार ओळी मात्र एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये घातल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांना सावद्याला पाठवलं गेलं. मुदत संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला मेकॅनिक न आलेल्या लोकांचे लॉकर फोडणार होता, आणि दोन पंचांसमोर आतल्या वस्तूंची यादी करून, सामान सीलबंद करून बँकेत ठेवायचं होतं. यादी लिहायचं काम लताबाईंचं. शाखा व्यवस्थापक वारके नवीनच बदलून आलेले, पोरसवदा आणि धांदरट.

“एकतीसपैकी नऊ आले नाहीत,” ते म्हणाले. “नऊच्या नऊ पोचपावत्या आल्यात. आपल्याकडून सगळं झालंय.”

लताबाई पावत्या चाळू लागल्या. सात जणांनी वळणदार सही केलेली. एकावर अंगठा. आणि बावीस नंबरच्या पावतीवर पेन्सिलीनं आखल्यासारखी, एकेक अक्षर सुटं काढलेली सही: शेवंता चौधरी. एवढी जपून सही करणाऱ्या बाईला थोडंफार वाचताही येत असणार. मग ती आली का नाही? त्यांनी लॉकरचा करार काढला. नऊ वर्षांपूर्वी, नवरा वारल्यावर, एकटीच्या नावावर घेतलेला लॉकर. वारस म्हणून नाव मुलीचं: बेबाबाई, राहणार धुळे. दीर, पुतणे, घरातलं दुसरं कोणी नाही. पत्त्यावरून गावातल्या एकत्र घरात राहणारी विधवा, आणि लॉकरच्या कागदावर घरातल्या एकाचंही नाव नाही.

“वारकेसाहेब, उद्या फोडायच्या आधी कोणी किल्ली घेऊन आलं तर?”

“आलं तर कशाला फोडायचं? काढून घेऊ दे की.”

संध्याकाळी लताबाई निघाल्या. शेवंताबाईचं घर केळीच्या मळ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. ओट्यावर पांढरी टोपी घातलेला साठीचा माणूस सुपारी कातरत बसला होता.

“कोनाच्या तुमी?” त्यानं विचारलं.

“फेगड्यांची. जळगावला मेहरूणला असते. शेवंतामावशींना भेटायचं होतं. बेबाबाईंचा निरोप आहे, धुळ्याहून.”

“बेबीचा? तिनं चिठ्ठी नाही टाकली?” अडकित्ता थांबला. “मी तिचा काका. तोताराम. मले सांगा, मी सांगतो वहिनीले.”

“बायकांचं आहे भाऊ.”

तो हसला, पण बाजूला सरकला नाही. “बसा ना. वहिनीच्या मनात आजकाल काय चालू हाये ते आमालेच कळत नाही. मागच्या महिन्यात बँकेचं रजिस्टर आलं तिच्या नावानं. म्हटलं दाखव, वाचून देतो. तर म्हने, चुलीत गेलं. बँकेचं रजिस्टर कोनी चुलीत घालतं का वो?”

लताबाईंनी पदरानं घाम टिपला.

“जाऊ द्या. उद्या मले बँकेतच जायाचं हाये. पंच म्हनून बोलवलंय साहेबानं. तेव्हा विचारतोच.”

वारक्यांना काय माहीत असणार? गावात अर्धे लोक चौधरी. नवा साहेब आला की प्रतिष्ठित माणूस म्हणून आधी तोतारामभाऊंचं नाव सांगितलं जायचं. उद्या साडेअकराला बावीस नंबरचं दार उघडेल, लताबाई एकेक वस्तू मोठ्यानं सांगून लिहितील, आणि हा माणूस समोर बसून ऐकेल. मग त्यातलं काहीच तिच्या हाती राहणार नाही.

“थोडं पाणी मिळेल का?” असं म्हणत त्या उठल्या आणि कोणी हो म्हणायच्या आत माजघरात शिरल्या.

शेवंताबाई चुलीपाशी होती. काटकुळी, कपाळ रिकामं, डोळे सावध. लताबाईंनी आवाज खाली घेतला.

“मी बँकेतली. तुमची नोटीस आली, ती वाचली का?”

बाईनं दाराकडे पाहिलं. मग कमरेला खोचलेल्या चंचीतून आठ घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

“चौथी शिकेल हाये मी,” ती पुटपुटली. “धा येळा वाचला. अक्षरं बठ्ठी लागतात, एकबी सुटत नाही, पन काय म्हनतात ते लागत नाही. समर्पन म्हंजे काय, कोनाले विचारू? विचारलं म्हंजे बँकेत माझी पेटी हाये हे घराले कळलं.”

साळीसाहेबांचं वाक्य लताबाईंच्या कानात वाजलं. विचारतील कोणाला तरी. ह्या बाईला विचारायला घरात माणसं होती, आणि नेमकी त्यांच्यापासूनच तिनं नऊ वर्षं हे लपवलं होतं. कागदानं तिच्याशी एकटीशी बोलायला हवं होतं.

त्यांनी पर्समधला कागद काढला, जुनी मुदत खोडून उद्याची वेळ घातली आणि तिच्या हातात दिला. शेवंताबाई ओठ हलवत वाचू लागली.

‘बँकेची जागा बदलते आहे. तुमची लॉकरची किल्ली घेऊन उद्या सकाळी दहा वाजता या आणि आपल्या वस्तू स्वतः काढून घ्या. तुम्ही आला नाहीत, तर साडेअकराला बँक तुमचा लॉकर फोडेल. आत जे असेल ते दोन पंचांसमोर मोजून लिहिलं जाईल आणि फोडण्याचा खर्च तुमच्याकडून घेतला जाईल.’

‘पंचांसमोर’ या शब्दावर तिचं बोट थांबलं.

“पंच कोन?”

लताबाईंनी ओट्याच्या दिशेनं मान हलवली. शेवंताबाईनं कागद तोंडाशी नेला, जणू ओरडणं तिथंच अडवायचं होतं. मग तो सरळ चुलीत घातला. नोटीसही घातली. दोन्ही जळून जाईपर्यंत ती फुंकणी फुंकत राहिली.

“पानी झालं का वो?” बाहेरून आवाज आला. तो दारातच उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

“झालं भाऊ,” लताबाई म्हणाल्या. “बेबाबाईंनी मावशींना धुळ्याला बोलावलंय.”

दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना शेवंताबाई बँकेच्या पायरीवर होती. वीस मिनिटांत लॉकर रिकामा झाला. एक कापडी पुरचुंडी आणि एक लखोटा. तिनं दोन्ही कमरेला बांधून वरून लुगडं घट्ट केलं, किल्ली टेबलावर ठेवली, फॉर्मवर सुट्या अक्षरांची सही केली. धुळ्याची बस सव्वाबाराला होती. ती मागच्या बोळातून स्टँडकडे गेली, एकदाही वळून न पाहता.

अकराला तोतारामभाऊ आला, इस्त्रीचं धोतर, हातात छत्री. वारक्यांनी त्याच्यापुढे नऊ नावांची यादी ठेवली. बावीस नंबरवर पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. रेघेखालचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. लताबाईंना वाटलं, आपणच ती यादी वेगळ्या कागदावर उतरवायला हवी होती. आता उशीर झाला होता.

त्याचं बोट रेघेवर थांबलं.

“ह्या बाई कधी आल्या?”

“ते सांगता येत नाही, भाऊ,” लताबाई म्हणाल्या. “नियम आहे.”

“मी पंच हाये ना?”

“फोडायच्या लॉकरचे.”

त्यानं लताबाईंकडे पाहिलं. ओट्यावर बसून निरोप सांगणारी बाई आणि ही समोरची बाई, दोघी त्याच्या नजरेत एक झाल्या. त्यानं छत्री भिंतीला टेकवली आणि पुन्हा हातात घेतली.

“मी जरा घरी जाऊन येतो.”

“आता नाही जाता येणार, तोतारामभाऊ,” वारके घाईनं म्हणाले. “दुसरे पंच आलेत, मेकॅनिक आलाय. यादीवर शेवटपर्यंत तुमची सही लागेल. नाहीतर सगळं उद्यावर जाईल, आणि मुंबईला मी काय सांगू?”

तो खुर्चीच्या काठावर बसला. मेकॅनिकनं पाच नंबरच्या दाराला ड्रिल लावलं. खोलीभर लोखंडाची किंकाळी भरली. पाच नंबर कोणाचा, लताबाईंना माहीत होतं. पोचपावतीवर अंगठा असलेल्या माणसाचा. त्याच्या घरी त्या गेल्या नव्हत्या, इतर सात जणांच्या घरीही नाही. एकच कागद होता आणि एकच संध्याकाळ.

दार उघडलं. वारक्यांनी आतून पहिली वस्तू बाहेर काढली, एक पिवळी डबी. तोतारामभाऊची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. बारा वाजायला दहा मिनिटं. धुळ्याची बस सुटायला अजून पंचवीस.

लताबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“साहेब, एकेक वस्तू सांगा,” त्या म्हणाल्या. “आणि दोनदा सांगा. मला नीट ऐकू येत नाही.”

मग त्यांनी मथळा लिहिला, तारीख लिहिली, पंचांची पूर्ण नावं, वडिलांची नावं, वय, धंदा, गाव. एवढ्या सुबक अक्षरात, इतक्या सावकाश, त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.